चौथं घर आणि त्याचा मालक: वावराच्या प्रश्नातून बारा भाव कसे वाचावेत

आमच्या दारव्हा तालुक्यात पत्रिका घेऊन येणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा लग्नाचा नाही तर वावराचा असतो. काही वर्षांपूर्वी असाच एक कास्तकाराचा मुलगा आईला घेऊन आला. वय तेहतीस, नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, गावात साडेचार एकर कोरडवाहू. त्यानं टिपण माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "गुरुजी, वावर इकू का राहू देऊ, थे सांगा."

त्याची पत्रिका मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना अजून दाखवतो, कारण नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक तिच्यात सहज पकडता येते. नवशिका चौथ्या घराचा मालक बाराव्यात पाहतो आणि म्हणतो, "जमीन गेली." तो एकदाच मोजतो. घराच्या मालकाची जागा दोनदा मोजावी लागते, एकदा लग्नापासून, म्हणजे पत्रिकेच्या पहिल्या घरापासून, आणि एकदा त्या घरापासूनच. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या मोजणीसाठी आहे.

आधी चौकट वाचायला शिका

आपल्याकडे पत्रिकेची चौकट तिरक्या रेषांची असते. वरच्या बाजूचा मधला चौकोन म्हणजे पहिलं घर, म्हणजेच लग्न. तिथून डावीकडे उतरत, घड्याळाच्या उलट दिशेनं मोजायचं. डाव्या हाताचा मोठा चौकोन चौथं घर, तळाचा सातवं, उजव्या हाताचा दहावं. ही घरं कधी हलत नाहीत.

घरात लिहिलेला आकडा मात्र घराचा नसतो, राशीचा असतो. 1 म्हणजे मेष, 2 वृषभ, असं 12 म्हणजे मीन. वरच्या चौकोनात 5 लिहिलं असेल तर लग्न सिंह आहे. त्याच पत्रिकेत ज्या खान्यात 4 लिहिलंय ते चौथं घर नव्हे, ती कर्क रास, आणि ती बाराव्या घरात आहे. हा घोटाळा मी पंचविशी ओलांडलेल्या शिकलेल्या मुलांनाही करताना पाहिलं आहे. म्हणून पहिले काही दिवस चौकटीच्या बाहेर पेन्सिलीनं घराचे आकडे वेगळे लिहून घ्या.

बारा घरं, एका घरधन्याच्या नजरेतून

पहिलं घर म्हणजे माणूस स्वतः: त्याची काया, प्रकृती, धमक. दुसरं म्हणजे साठवलेलं, म्हणजे कोठीतलं धान्य, गाठीचा पैसा, घरातली माणसं आणि तोंडातला शब्द. तिसरं घर लहान भावंडांचं आणि स्वतःच्या हातापायाच्या मेहनतीचं. पाचवं मुलाबाळांचं आणि बुद्धीचं.

सहावं घर नीट समजून घ्या, कारण गावातले अर्धे प्रश्न तिथेच येतात. रोग, कर्ज आणि वैर ही तिन्ही त्याच घरात. सोसायटीचं थकलेलं पीककर्ज सहाव्यात, आणि शेजाऱ्याशी धुऱ्यावरून चाललेलं भांडणही सहाव्यात. पण ते वाढीचं घरही आहे. तिसरं, सहावं, दहावं आणि अकरावं या चार घरांना उपचय म्हणतात. तिथे शनी-मंगळासारखे कडक ग्रह वयाबरोबर बरं फळ देतात असं मानलं जातं.

सातवं जोडीदाराचं आणि भागीदाराचं. आठवं आयुष्याचं आणि अचानक येणाऱ्या गोष्टींचं, वारशाचंही. नववं भाग्य, धर्म आणि वडील. दहावं काम आणि गावातला मान. अकरावं लाभ आणि थोरली भावंडं. बारावं खर्चाचं, झोपेचं, आणि आपलं गाव सोडून दूर राहण्याचं. हा शेवटचा अर्थ लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

चौथं मी मुद्दाम मागे ठेवलं. त्याला सुखस्थान म्हणतात. आई, राहतं घर, जमीन, विहीर, वाहन आणि मनाची स्वस्थता एवढं सगळं एका घरात बसतं. एका घराला इतके अर्थ असल्यामुळे "चौथं घर चांगलं आहे का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. आईबद्दल विचारायचं की जमिनीबद्दल, ते आधी ठरवायचं. ते ठरवणारा धागा असतो कारक ग्रह: आईसाठी चंद्र, जमिनीसाठी मंगळ, वाहनासाठी शुक्र.

घरांची एक वाटणी पाठच हवी. पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही केंद्रं, म्हणजे आधाराचे खांब. पहिलं, पाचवं, नववं हे त्रिकोण, सगळ्यात शुभ. सहावं, आठवं, बारावं ही त्रिकस्थानं, त्रासाची.

मालक शोधणं

घरात जी रास पडली तिचा स्वामी तो घराचा मालक, म्हणजे भावेश. मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, वृषभ आणि तूळ शुक्राच्या, मिथुन आणि कन्या बुधाच्या, धनू आणि मीन गुरूच्या, मकर आणि कुंभ शनीच्या. कर्क एकट्या चंद्राची, सिंह एकट्या रवीची.

घरात कोण बसलंय यापेक्षा मालक कुठे आहे याला जास्त वजन का? गावातलंच पाहा. घरात पाहुणा कितीही मोठा असो, तो असेपर्यंत थाट असतो. घर चालतं की पडतं ते मालकाच्या अंगात काय आहे, तो कुठे राहतो आणि कुणाच्या संगतीत आहे यावर. रिकामं घर पाहून घाबरणारे लोक हेच विसरतात. ग्रह नऊ आणि घरं बारा, म्हणजे काही घरं रिकामी राहणारच. रिकाम्या घराचा सगळा निवाडा मालकावरून करायचा.

त्या मुलाची पत्रिका

जन्म पोळ्याच्या दिवशी सकाळी, दिवस उगवताना. पोळा अमावास्येला येतो, म्हणून रवी आणि चंद्र एकाच राशीत, सिंहेत. लग्नही सिंह. हा ताळा करून पाहायची सवय लावा: सूर्योदयाच्या क्षणी लग्न आणि रवीची रास एकच असते. पत्रिकेत सूर्योदयाचा जन्म लिहिलाय आणि रवी सातव्यात दिसतोय, तर पत्रिका चुकलेली आहे.

बाकीचे लागतील तेवढेच ग्रह सांगतो. तिसऱ्या घरात तूळ राशीला शनी. चौथ्यात वृश्चिकेला गुरू आणि केतू. दहाव्यात वृषभेला राहू. आणि बाराव्यात कर्केला मंगळ.

चौथ्या घरात वृश्चिक, म्हणून चौथ्याचा मालक मंगळ. तोच मंगळ नवव्यातल्या मेषेचाही मालक. म्हणजे जमीन आणि वडिलांचं भाग्य दोन्ही त्याच्या हातात. सिंह लग्नाला एका केंद्राचा आणि एका त्रिकोणाचा स्वामी म्हणून मंगळ फार मोलाचा मानतात. तो मोलाचा ग्रह बाराव्यात जाऊन बसलाय.

पायरी पहिली: लग्नापासून मोजा

लग्नापासून मोजलं की माणसाला त्या घराचा उपभोग किती मिळेल ते कळतं. चतुर्थेश लग्नापासून बाराव्यात, म्हणजे घर-जमिनीचं सुख खर्चाच्या आणि परक्या मुलखाच्या घरात. अर्थ असा की गावच्या मातीत राहणं होत नाही, राहणं दुसरीकडे होतं आणि जमिनीवर खर्च होतो. मुलगा बुटीबोरीला, वावर ठोक्यानं दिलेलं. इथवर नवशिक्याचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते इथेच थांबतं.

पायरी दुसरी: घरापासूनच मोजा

आता चौथ्या घराला पहिलं समजून मंगळापर्यंत मोजा. चौथं एक, पाचवं दोन, सहावं तीन, सातवं चार, आठवं पाच, नववं सहा, दहावं सात, अकरावं आठ, बारावं नऊ. मालक आपल्या घरापासून नवव्यात, म्हणजे त्रिकोणात. घरापासून मोजलं की त्या वस्तूचं स्वतःचं काय होईल ते कळतं. इथे वस्तू टिकते.

दोन्ही एकत्र वाचा. जमीन राहते, पण हा तिच्यापाशी राहत नाही. "जमीन गेली" आणि "हा जमिनीपासून गेला" या दोन वाक्यांमध्ये त्या आईसाठी जमीन-अस्मानाचा फरक होता.

उलट उदाहरणं घेतली की हे पक्कं बसतं. चतुर्थेश अकराव्यात असेल तर लग्नापासून लाभ, पण चौथ्यापासून आठवं. माणसाला पैसा मिळतो, वस्तूला धोका. जमीन विकून हातात रक्कम येणारे असे योग मी पाहिले आहेत. चतुर्थेश तिसऱ्यात असेल तर तो आपल्या घरापासून बाराव्यात. तिसरं घर भावंडांचं, म्हणून हिस्सेवाटणीत जमीन हातातून जाणं हा त्याचा एक सरळ अर्थ. चतुर्थेश सहाव्यात असेल तर चौथ्यापासून तिसरा. वस्तू मेहनतीनं उभी राहते, पण माणसाच्या वाट्याला कर्ज आणि धुऱ्याचं भांडण येतं. आणि चतुर्थेश चौथ्यातच असेल तर दोन मोजण्यांत विरोध राहत नाही. मालक घरी आहे.

ही रीत कोणत्याही घराला लावा. सातव्याचा मालक सहाव्यात असेल तर तो सातव्यापासून बारावा. दहाव्याचा मालक सहाव्यात असेल तर तो दहाव्यापासून नववा, आणि नोकरीच्या प्रश्नाला ती जागा वाईट नाही, कारण सहावं चाकरीचंही घर आहे.

पायरी तिसरी: मालकाच्या अंगात जोर किती

जागा कळली, आता मालक धड आहे का ते पाहायचं. स्वतःच्या राशीत किंवा उच्चीचा, म्हणजे त्याला सगळ्यात बळ देणाऱ्या राशीत, असेल तर जोर, नीचेचा, म्हणजे तिच्या समोरच्या राशीत, असेल तर दुबळा, रवीच्या फार जवळ असेल तर अस्तंगत. मंगळासाठी ही अस्ताची मर्यादा 17 अंश धरतात.

इथे मंगळ कर्केत, म्हणजे नीचेचा. कर्केचा 28 वा अंश हा त्याचा परमनीच बिंदू, आणि या पत्रिकेत तो 22 अंशाच्या आसपास आहे. म्हणजे नीचत्व बरंच आहे. रवीपासून मात्र तो 28 अंशांवर, म्हणून अस्तंगत नाही.

नीच म्हटलं की नीचभंग शोधायचा. ग्रह ज्या राशीत नीच झालाय तिचा स्वामी केंद्रात असेल तर नीचत्व सुटतं असा नियम आहे. कर्केचा स्वामी चंद्र, आणि तो लग्नात, म्हणजे केंद्रात. शिवाय कर्केत उच्चीचा होणारा गुरू, तोही चौथ्या केंद्रात. नियमानं दोनदा भंग झाला. इथे बरेच जण खूश होऊन थांबतात आणि राजयोग सांगून मोकळे होतात. मी थांबत नाही. भंग करणारा चंद्र अमावास्येचा आहे, रवीत बुडालेला. जामीनदारच अशक्त असेल तर जामिनाला किती वजन द्यायचं? म्हणून मी या पत्रिकेत नीचभंग निम्म्या वजनानं धरला. उरलेला भार गुरूवर.

पायरी चौथी: मालकावर कुणाची नजर

सगळे ग्रह आपल्यापासून सातव्या घरावर पाहतात. मंगळ शिवाय चौथ्या आणि आठव्यावर, गुरू पाचव्या आणि नवव्यावर, शनी तिसऱ्या आणि दहाव्यावर. ग्रह बसलाय ते घर एक धरून मोजायचं.

गुरू चौथ्यात. त्याच्यापासून नववं घर बारावं, म्हणजे तो नेमका मंगळावर पाहतो. घरात बसलेला पाहुणा परगावी गेलेल्या मालकाची काळजी वाहतोय. जमीन टिकण्याचा हा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा. सोबत केतू असल्यामुळे घरात मन रमत नाही, एवढं कमी करायचं.

शनी तिसऱ्यात. त्याच्यापासून दहावं घरही बारावंच. म्हणजे शनीचीही नजर मंगळावर, आणि मंगळाची चौथी नजर उलट शनीवर. शनी इथे सहाव्याचा मालक, उच्चीचा, आणि बसलाय लहान भावाच्या घरात. मी मुलाला विचारलं, "धाकट्या भावासोबत वाटणी झाली का?" तो आईकडे पाहायला लागला. सातबाऱ्यावर दोघांची नावं होती, प्रत्यक्ष हिस्से पडले नव्हते, आणि भावाला पूर्वेकडचा तुकडा हवा होता. विकायचा प्रश्न तिथून उठला होता, नोकरीतून नव्हे.

असं काही जुळलं की मी त्याला चमत्कार म्हणत नाही. दोन भाऊ आणि साडेचार एकर असलेल्या घरात हा प्रश्न विचारणं चुकणं कठीण. पण कुठे बोट ठेवायचं ते शनीनं दाखवलं, एवढं खरं.

पायरी पाचवी: कारकाशी ताळा, मग दशा

जमिनीचा कारक मंगळ, आणि इथे मालकही मंगळच. मालक आणि कारक एकच असला की त्याची ताकद किंवा दुर्बलता दुप्पट मोजली जाते, दुसरा साक्षीदार राहत नाही. म्हणून अशा पत्रिकेत मी निर्णय ठाम शब्दांत सांगत नाही. लग्नेश रवी स्वराशीला लग्नात होता, म्हणजे माणूस स्वतः खंबीर, एवढा आधार होता.

फळ कधी, ते दशा सांगते, म्हणजे आयुष्यात एकेका ग्रहाला वाटून दिलेला काळ. विंशोत्तरी या दशापद्धतीत शुक्राची 20 वर्षं, रवीची 6, चंद्राची 10, मंगळाची 7. चंद्र पूर्वा फाल्गुनीत होता, नक्षत्रस्वामी शुक्र. नक्षत्राचा जेवढा भाग उरला होता त्या हिशेबानं जन्मापाशी शुक्राची अकरा वर्षं शिल्लक. पुढे रवीची सहा आणि चंद्राची दहा मिळून वय सत्तावीस. तिथून मंगळाची सात, चौतिसाव्यापर्यंत. मुलगा सत्ताविसाव्या वर्षीच गाव सोडून बुटीबोरीला गेला होता. तेहतिसाव्या वर्षी आला तेव्हा मंगळाचं शेवटचं वर्ष चालू होतं. भावेशाच्या दशेत त्या घराचा प्रश्न पेटतो, आणि दशा संपता संपता माणूस घाई करतो. मी म्हटलं, "एक वर्ष थांब. पहिले वाटणीचा फेरफार करून घे, विकायचं मंग बघ."

कुठे फसतं ते आधी ओळखा

हा सगळा इमला लग्नावर उभा आहे, आणि लग्न जन्मवेळेवर. आईला वेळ विचारली तर ती म्हणाली, "दिवस निंगाला होता, बैलं नदीवर धुवाले काढले होते." बैल धुवायला काढतात ते उजाडताच, की ऊन जरा वर आल्यावर? या पत्रिकेत लग्न सिंहेच्या 20 व्या अंशावर होतं, दहा अंश उरलेले. एक अंश उगवायला साधारण चार मिनिटं. जन्म पाऊण तास उशिरा धरला की लग्न कन्या होतं. मग चौथ्यात धनू येते, मालक गुरू होतो, तो तिसऱ्यात असतो, आणि मंगळ तिसऱ्या-आठव्याचा मालक होऊन अकराव्यात जातो. वरचं एकही वाक्य टिकत नाही.

अशा वेळी दोन्ही पत्रिका मांडायच्या आणि झालेल्या घटनांवर घासून पाहायच्या. दशा चंद्रावरून निघते, त्यामुळे पाऊण तासानं तिच्यात फार फरक पडत नाही. बदलतो तो ग्रहाचा अर्थ. सत्ताविसाव्या वर्षी मंगळ लागताच घर सुटलं, हे बाराव्यातल्या चतुर्थेशाला जुळतं. अकराव्यातल्या मंगळाला तसं जुळवून घ्यावं लागतं. एकाच घटनेवर भरवसा ठेवू नका, किमान तीन तारखा मागा: घर सोडल्याची, लग्नाची, घरातल्या कुणाच्या मोठ्या आजारपणाची.

जन्मगावही बरोबर टाका. मोबाईलवर पत्रिका काढताना यादीत गाव सापडलं नाही की मुलं पुणे निवडतात. आपल्याकडे सूर्य पुण्याच्या आधी साधारण पाव तास उगवतो. तेवढ्यानं लग्न चारेक अंश सरकतं, आणि राशीच्या टोकावरच्या पत्रिकेत एवढं पुरतं.

आणि एक मर्यादा मी प्रत्येकाला सांगतो. चौथ्या घरावरून विहिरीची जागा ठरत नाही, बोरला किती फुटांवर पाणी लागेल ते कळत नाही, आईच्या आजारावर औषध करायचं की नाही तेही नाही. त्यासाठी भूजलवाले आहेत, डॉक्टर आहेत.

त्या मुलानं वावर विकलं नाही. पण ते माझ्या सांगण्यानं नाही. घरून निघताना आई मुलाला म्हणाली होती, "मी हाय तोवर सातबाऱ्यावरचं नाव हालनार नाही." हे तिनं मला उठता उठता सांगितलं. मी परत पत्रिका पाहिली. मंगळ ज्या कर्केत पाहुणा होता तिचा यजमान चंद्र, आणि चंद्र म्हणजे आई. अमावास्येचा, क्षीण, पण लग्नात, मुलाच्या अगदी जवळ बसलेला. मी तो नीचभंग निम्म्या वजनानं धरला होता. टिपणाच्या कडेला पेन्सिलीनं त्याच्यापुढे एक रेघ ओढली आणि टिपण तिच्या हातात दिलं.